"हजर नव्हतात ना?" "हो."

साक्षीदार सत्तरीच्या पुढचे शेतकरी होते. जमिनीच्या कराराचा वाद, सुनावणी लवादापुढे, कामकाज सगळं इंग्रजीत. काकांना इंग्रजी येत नव्हतं, म्हणून दुभाषी म्हणून मी त्यांच्या शेजारच्या खुर्चीत बसले होते. समोरच्या पक्षाच्या वकिलांची उलटतपासणी चालू होती. त्यांनी विचारलं, "यू वेअर नॉट प्रेझेंट व्हेन द अ‍ॅग्रीमेंट वॉज साइन्ड, वेअर यू?" मी मराठीत विचारलं, "करारावर सह्या झाल्या तेव्हा तुम्ही हजर नव्हतात ना?" काका म्हणाले, "हो." मी म्हणाले, "येस." टायपिस्टने ते उतरवून घेतलं.

वकील क्षणभर थांबले. हे उत्तर त्यांना अपेक्षित नव्हतं. मग त्यांनी पुढचा प्रश्न टाकला, पहिली सही कोणी केली? काका वैतागले. "अहो, मी तिथे नव्हतोच म्हणतोय ना, मला काय माहीत कोणी केली?" आता वकिलांचा आवाज चढला. साक्षीदार मिनिटाभरात जबाब फिरवतोय, याची नोंद घ्यावी, असं ते म्हणू लागले. काकांनी काहीच फिरवलं नव्हतं. त्यांचा "हो" अगदी स्पष्ट होता: हो, तुम्ही म्हणता ते बरोबर, मी नव्हतो. माझ्या "येस"चा अर्थ मात्र इंग्रजीत नेमका उलटा झाला होता: येस, आय वॉज. मी ताबडतोब चूक कबूल केली, लवादांनी तोच प्रश्न पुन्हा विचारायला लावला आणि नोंद दुरुस्त झाली. ती दुरुस्त झाली कारण योगायोगाने पुढचाच प्रश्न सह्यांबद्दलचा होता. तो जर सातबाऱ्याबद्दलचा असता, तर तो "येस" कागदावर तसाच राहिला असता.

त्या दिवसापासून वाक्याच्या शेपटाला लटकलेल्या "इझन्ट इट", "वेअर यू", "डिड ही" यांच्याकडे मी फार बारकाईने पाहते. व्याकरणात त्यांना क्वेश्चन टॅग म्हणतात. आपण त्यांना पुच्छप्रश्न म्हणू. भाषांतर शिकवताना त्यांच्यासाठी एखादा ठरलेला मराठी शब्द सांगितला जातो, बहुतेक वेळा "नाही का?" त्यातूनच अनुवादित कादंबऱ्यांत आणि डब केलेल्या सिनेमांत ती वाक्यं येतात: "आज हवा छान आहे, नाही का?" "तू मला ओळखतोस, नाही का?" मराठी माणूस असं बोलत नाही. तो "छान हवा आहे ना आज!" म्हणतो, "मला ओळखतोस ना?" म्हणतो. "नाही का" मराठीत आहे, पण त्याचं काम वेगळं. "आपण मागे महाबळेश्वरला गेलो नाही का, तेव्हाची गोष्ट." इथे विचारायचं काहीच नाही, ऐकणाऱ्याच्या आठवणीला फक्त कोपराने हलकेच ढोसायचं आहे.

इंग्रजी पुच्छप्रश्न हे एक छोटं यंत्र आहे. मुख्य वाक्यातलं सहायक क्रियापद उचलायचं, वाक्य होकारार्थी असेल तर शेपूट नकारार्थी करायचं, नकारार्थी असेल तर होकारार्थी, आणि कर्त्याच्या जागी सर्वनाम ठेवायचं. म्हणून दर वाक्यागणिक शेपूट बदलतं. बहुतेक भाषांना ही खटपट लागत नाही. फ्रेंच माणूस कुठल्याही वाक्यामागे "नेस्पा" लावतो, जपानी माणूस "ने" लावतो, स्पॅनिश माणूस "नो" किंवा "व्हेर्दाद" लावतो. आपण "ना" लावतो. कोल्हापूरकडे "न्हवं" लावतात. भारतीय माणूस इंग्रजी बोलताना "यू आर कमिंग, नो?" किंवा सरसकट "इझन्ट इट?" म्हणतो, तेव्हा तो आपल्या भाषेतला हा न बदलणारा शेवटच इंग्रजीत नेत असतो.

तेव्हा शब्दाला शब्द ठेवायचा प्रश्नच येत नाही. "तुम्ही हजर नव्हतात, होतात का?" असं कुणी म्हटलं, तर ऐकणाऱ्याला वाटतं की विचारणारा मध्येच गोंधळला आणि त्याने दुसरा प्रश्न सुरू केला. भाषांतर करायचं ते त्या शेपटाने जे केलं त्याचं. आणि ते काय करतं, हे शब्दांवरून कळत नाही, आवाजावरून कळतं. इंग्रजीत शेपटाला सूर वर गेला, तर बोलणाऱ्याला खरोखरच शंका आहे. सूर खाली आला, तर त्याला उत्तर माहीत आहे आणि त्याला फक्त तुमची मान हलायला हवी आहे. उलटतपासणीत बहुतेक पुच्छप्रश्न खालच्या सुरात येतात. ते प्रश्न नसतातच. वकील एक विधान साक्षीदाराच्या गळ्यात घालतो आणि शेपटाने गाठ आवळतो.

मी त्या दिवशी "ना" वापरला, आणि पहिली चूक तिथेच झाली होती. "ना" मऊ आहे. आई मुलाला विचारते, "जेवलास ना?" त्यात काळजी आहे आणि "हो" ऐकायची इच्छा आहे. "बस ना", "सांग ना" यांत तर तो विनवणी करतो. "मी सांगितलं होतं ना!" यात चीड आहे, पण तीही घरातल्या माणसाची. खालच्या सुरात टाकलेल्या वकिली शेपटाला "ना" लावला की धमकावणारा माणूस एकदम ओळखीचा, आपुलकीचा वाटू लागतो. मोठ्या वयाचा, रीतभात पाळणारा माणूस अशा "ना"ला "हो" म्हणतोच. त्यातला अर्धा "हो" संमतीचा असतो आणि अर्धा नुसता "ऐकलं" एवढ्याच अर्थाचा, फोनवर आपण "हं, हं" म्हणतो तसा.

दुसरी चूक उत्तराच्या वेळी झाली, आणि ती जास्त गंभीर होती. नकारार्थी प्रश्नाला उत्तर देण्याच्या दोन रीती जगातल्या भाषांत दिसतात. एका रीतीत "हो" म्हणजे "तुझं म्हणणं बरोबर आहे". जपानी भाषा याचं ठळक उदाहरण आहे. "तू गेला नाहीस?" याला जपानी "हाय" म्हणजे "बरोबर, नाही गेलो." दुसऱ्या रीतीत समोरच्याचं म्हणणं काय आहे याला महत्त्व नाही, घडलं की नाही एवढंच पाहायचं. घडलं तर येस, नाही घडलं तर नो. इंग्रजी या रीतीची आहे. म्हणून "वेअर यू?"ला दिलेला "येस" हजेरीच सांगतो, प्रश्न कसाही विचारलेला असो.

मराठी कुठे बसते? कुठल्याही घरात विचारून पाहा, "तू अजून चहा घेतला नाहीस ना?" उत्तरं अशी येतील: "हो, नाही घेतला अजून." "नाही, नाही घेतला." "नाही हो, घेतला मघाशीच." "घेतला की!" पहिल्या उत्तरातला "हो" आणि दुसऱ्यातला "नाही" दोघेही एकच गोष्ट सांगतात. दुसऱ्यातला "नाही" आणि तिसऱ्यातला "नाही" मात्र एकमेकांच्या विरुद्ध आहेत. म्हणजे नकारार्थी प्रश्नानंतर नुसता "हो" किंवा नुसता "नाही" मराठीत पुरेसा नाही. आपल्याला त्याचा त्रास होत नाही, कारण आपण सहसा तिथे थांबत नाही, पुढे क्रियापद म्हणतो. अर्थ त्या क्रियापदात असतो. हो-नाही ही नुसती सुरुवात.

चौथं उत्तर मला फार मोलाचं वाटतं. "घेतला की!" "होतो की!" "आहे की!" समोरच्याने नकार गृहीत धरला आहे आणि तो खोडून काढायचा आहे, या एकाच कामासाठी मराठीने क्रियापद आणि "की" अशी जोडी ठेवली आहे. फ्रेंचमध्ये याच कामासाठी "सी" हा वेगळा शब्द आहे, जर्मनमध्ये "डोख". काका जर "होतो की!" म्हणाले असते, तर माझी चूक होणं शक्यच नव्हतं. भाषांतर शिकवताना "डोख"चं कौतुक होतं, पण आपल्या "की"कडे कुणाचं लक्ष जात नाही, याचं मला वाईट वाटतं.

इंग्रजीकडेही एके काळी असा पक्का बंदोबस्त होता, आणि त्यावरून एका भाषांतरकाराला बोल खावे लागले होते. सोळाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत इंग्रजीत उत्तराचे शब्द दोन नव्हते, चार होते. साध्या होकारार्थी प्रश्नाला "ये" किंवा "ने". प्रश्नातच नकार असेल, तर "येस" किंवा "नो". "तो आला का?" याला नकार द्यायचा तर "ने". "तो आला नाही का?" याला "नाही आला" म्हणायचं तर "नो", आणि "आला की" म्हणायचं तर "येस". आपल्या "की"चं काम तेव्हा "येस" करत होता.

विल्यम टिंडेलने नव्या कराराचं ग्रीकवरून केलेलं इंग्रजी भाषांतर 1526 मध्ये छापलं गेलं. त्यात योहानाच्या शुभवर्तमानात बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाला एक साधा होकारार्थी प्रश्न विचारला जातो आणि तो नकार देतो. टिंडेलने तिथे "नो" लिहिलं. सर थॉमस मोर हे टिंडेलचे कडवे विरोधक. 1532 मध्ये त्यांनी टिंडेलविरुद्ध जो लांबलचक ग्रंथ छापला, त्यात धर्मशास्त्राच्या भांडणात मध्येच थांबून त्यांनी हा "नो" पकडला. ज्याला "ने" आणि "नो" यांतला फरक कळत नाही, तो पवित्र ग्रंथाचं भाषांतर काय करणार, असा त्यांचा सूर होता. या दोघांचा शेवट वाईट झाला. मोर यांचा 1535 मध्ये शिरच्छेद झाला, टिंडेलला 1536 मध्ये मृत्युदंड दिला गेला. भाषेच्या बाबतीत मात्र टिंडेलची बाजू जिंकली. लोकांच्या तोंडी तो भेद पुसटच होत चालला होता, आणि पुढे इंग्रजी "येस" आणि "नो" या दोघांवर आली. मोर यांचा नियम आज टिकला असता, तर माझ्यासारख्या दुभाष्यांची निम्मी चिंता मिटली असती.

आता त्या प्रश्नाचं भाषांतर कसं करायला हवं होतं, ते सांगते. मी आज तो असा विचारीन: "करारावर सह्या झाल्या तेव्हा तुम्ही तिथे हजर नव्हतात, असं माझं म्हणणं आहे. तुम्ही होतात की नव्हतात?" पहिल्या वाक्याने वकिलाचा दबाव जसाच्या तसा पोचतो. तो मऊ करण्याचा मला अधिकार नाही. दुसऱ्या वाक्यात दोन्ही पर्याय क्रियापदासकट समोर ठेवले जातात, त्यामुळे उत्तर "होतो" किंवा "नव्हतो" असंच येतं. कधी वकील हरकत घेतात की मी एवढं लांब विचारलं नव्हतं. ते बरोबर आहे. अशा वेळी मी मूळ रचनेच्या जवळचा प्रश्न विचारते, "तुम्ही हजर नव्हतात, बरोबर?" आणि उत्तर नुसतं "हो" आलं, तर स्वतः अर्थ न लावता लवादांना सांगते की हे उत्तर मराठीत दोन्ही बाजूंनी घेता येतं, कृपया साक्षीदाराला पूर्ण वाक्यात बोलायला सांगा. अर्थ लावणं हे दुभाष्याचं काम नाही. संदिग्धता आहे हे सांगणं मात्र त्याचं काम आहे.

लवादात निदान तिथल्या तिथे विचारता येतं. जिल्हा आणि तालुका न्यायालयांत कामकाज मराठीतून चालतं, तिथे भाषांतराची अडचण नाही असं आपल्याला वाटेल. पण तिथे प्रश्न गळून पडतो. साक्ष सहसा प्रश्नोत्तरांच्या रूपात न लिहिता सलग निवेदन म्हणून लिहिली जाते. वकील विचारतो, साक्षीदार "हो" किंवा "नाही" म्हणतो, आणि त्या दोहोंचं मिळून एक विधान न्यायाधीश लिहवून घेतात. कागदावर येतं: "करारावर सह्या झाल्या त्या वेळी मी हजर नव्हतो." इथे शेपूटही गेलं, सूरही गेला आणि "हो"सुद्धा गेला. न्यायाधीशांनी त्या "हो"चा जो अर्थ घेतला तेवढा उरला.

साक्षीदाराने विधान नाकारलं, की लिहिलं जातं: "हे म्हणणे खरे नाही की, मी सह्यांच्या वेळी हजर नव्हतो." ही न्यायालयात रुळलेली रचना आहे, आणि ती वाचताना सरावलेल्या माणसालाही थांबावं लागतं. दोन नकार आहेत, एक आतला आणि एक बाहेरचा. प्रकरण उच्च न्यायालयात गेलं की तिथली भाषा इंग्रजी, त्यामुळे पेपर बुकासाठी ही साक्ष इंग्रजीत करावी लागते. ते भाषांतर करणाऱ्याने साक्षीदाराला कधी पाहिलेलं नसतं, त्याचा आवाज ऐकलेला नसतं, आणि मधे कित्येक वर्षं गेलेली असतात. अशा वाक्यात दोन मोह होतात. एक म्हणजे घाईत एक नकार गाळणं. त्याने साक्ष सरळ उलटी होते. दुसरा मोह हुशार माणसाला होतो: दोन नकार म्हणजे होकार, मग सरळ "मी हजर होतो" असंच का लिहू नये? तसंही लिहायचं नाही. साक्षीदाराने समोरच्याचं म्हणणं नाकारलं आहे, स्वतःहून हजेरीची ग्वाही दिलेली नाही. या दोन गोष्टींचं पुराव्यातलं वजन वेगळं असतं. म्हणून दोन्ही नकार इंग्रजीतही दोनच ठेवायचे, वाक्य कितीही अवघडलेलं दिसलं तरी.

नकाराची गाठ केवळ प्रश्नातच असते असं नाही. त्याच साक्षीत काकांचं एक वाक्य होतं: "सगळे भाऊ हजर नव्हते." याचे मराठीत दोन अर्थ होतात. एकही भाऊ नव्हता, किंवा काही होते आणि काही नव्हते. वाटणीच्या दाव्यात या दोहोंत जमीनअस्मानाचं अंतर आहे. मराठीला दोन्ही अर्थ वेगळे सांगता येतात. "कोणीच भाऊ हजर नव्हता" म्हटलं की पहिला, आणि "सगळे काही हजर नव्हते" म्हटलं की दुसरा. इथला "काही" अगदी लहान आहे, पण नकार नेमका कुठपर्यंत पोचतो हे तोच ठरवतो. काकांनी तो वापरला नव्हता, म्हणून मला पुन्हा विचारावं लागलं. दोन भाऊ होते, तिसरा नव्हता.

आणि एक नकार तर असा आहे, जो मराठीत दिसतो पण ज्याचं भाषांतर करायचंच नसतं. "तलाठी येत नाहीत तोपर्यंत मी बांधावरच थांबलो." हे वाक्य इंग्रजीत नेताना "नाहीत" सोडून द्यावं लागतं, कारण इंग्रजीत "अन्टिल ही केम" एवढंच म्हणतात. आपल्याकडे अनेक जण इंग्रजीत "अन्टिल ही डझन्ट कम" म्हणतात, ते याच मराठी वाक्याचं भूत. हे कळल्यावर मी वर्गात मुलांना नेहमी आधी एकच प्रश्न विचारते: या वाक्यातला नकार कशाला नाकारतो आहे? उत्तर "कशालाच नाही" असंही येऊ शकतं.

हे वाचणाऱ्यांपैकी पुष्कळांना आयुष्यात कधीतरी साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभं राहावं लागेल. जमिनीसाठी, अपघातासाठी, शेजाऱ्याच्या भांडणासाठी. तिथे "तुम्ही गेला नव्हतात ना?" असा प्रश्न आला, तर नुसतं "हो" किंवा "नाही" म्हणून थांबू नका, मान तर अजिबात हलवू नका. "गेलो होतो" किंवा "गेलो नव्हतो", असं क्रियापदासकट सांगा. तुमची साक्ष लिहून झाल्यावर ती तुम्हाला वाचून दाखवण्याची आणि चूक असेल तर दुरुस्त करण्याची तरतूद फौजदारी प्रक्रियेच्या कायद्यात आहे. ती वाचली जात असताना प्रत्येक "नाही" आणि "नव्हतो" नीट ऐका, आणि अर्थ उलटा वाटला तर सही करण्याआधी तिथेच सांगा.